फॉर्म्युला खाली ओढला, पण शेवटच्या ओळीपर्यंत गेला का? या चुका टाळा

दरवर्षी दोन-तीन नवीन पोरंपोरी माझ्या हाताखाली येतात, बीकॉम झालेली, टॅली येतं, एक्सेल येतं असं सांगणारी, आणि येतंही त्यांना, त्यात खोटं काही नाही. पण दरवर्षी मी तीच चूक बघते. पहिल्या सेलमध्ये फॉर्म्युला लिहिला, कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकोनावर डबल क्लिक केलं, सर्रकन आकडे खाली उतरले, झालं काम. खाली जाऊन शेवटची ओळ कोणी बघत नाही. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, डबल क्लिक केलो की, गेलं खालपर्यंत." कुठपर्यंत गेलं? तर ते माहीत नसतं.

बेळगावात उद्यमबागच्या बाजूला फौंड्र्या, मशीन शॉप, छोटे कारखाने भरपूर, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी पगाराचं आणि बोनसचं काम अजून एक्सेलवरच चालतं. म्हणून ही चूक इथं फक्त आकड्यांची राहत नाही, कुणाच्या तरी घरी जाणारे पैसे त्यात अडकतात. माझ्या हातून ते जवळजवळ झालंच होतं. ते सगळं सविस्तर सांगते, कारण त्यात चूक कशी लपते ते नीट कळतं.

2021 ची दिवाळी. मी तेव्हा एका फौंड्रीत अकाउंट्स बघत होते. लक्ष्मीपूजन 4 नोव्हेंबरला, गुरुवारी. आता त्या आठवड्याचं कॅलेंडर डोळ्यासमोर आणा. 30 ऑक्टोबरला शनिवार, पाचवा शनिवार असल्यामुळं बँक चालू. 31 ला रविवार. 1 नोव्हेंबर सोमवार, राज्योत्सव, कर्नाटकात सगळ्या बँका बंद. 2 तारखेला मंगळवारी बँक उघडी आणि 3 ला नरक चतुर्दशीची परत सुट्टी. मालकांनी सांगितलं होतं की बोनस शनिवारीच खात्यावर पडला पाहिजे, म्हणजे रविवारच्या बाजाराला माणसांच्या हातात पैसे असतील. आमची पद्धत अशी होती की एकूण रकमेचा एक चेक आणि सोबत नाव, खाते नंबर, रक्कम अशी यादी शाखेत द्यायची, बँकवाले तिथून सगळ्यांच्या खात्यावर टाकायचे.

शीट साधी होती. पहिल्या ओळीत हेडिंग, A मध्ये अनुक्रमांक, B मध्ये तिकीट नंबर, C मध्ये नाव, D मध्ये खाते नंबर, E मध्ये भरलेले दिवस, F मध्ये बोनससाठी धरायची वर्षाची रक्कम आणि G मध्ये बोनस. बोनस 8.33 टक्के, म्हणजे तेव्हा लागू असलेल्या 1965 च्या बोनस कायद्यातला किमान दर, वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, सरळ बोलायचं तर एक महिन्याचा. G2 मध्ये फॉर्म्युला हा:

```
=ROUND(F2*8.33%,0)
```

माणसं एकूण 187. मोल्डिंग, कोअर शॉप, भट्टी आणि मशीन शॉप मिळून 173, ती ओळ 2 ते 174 मध्ये. उरलेली 14 माणसं फेटलिंगची. कास्टिंग सुटलं की त्याच्या कडा घासून साफ करायच्या, ते काम. ती आधी ठेकेदाराकडं होती, आदल्या वर्षी जूनमध्ये कंपनीच्या हजेरीपटावर घेतलेली, म्हणून त्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये होती. आमच्याकडच्या पोरानं ती यादी कॉपी करून खाली चिकटवली आणि चिकटवताना मध्ये एक ओळ मोकळी सोडली. का सोडली तर दिसायला बरं दिसतंय म्हणून, वेगळा विभाग आहे हे कळावं म्हणून. म्हणजे ओळ 175 पूर्ण रिकामी, आणि फेटलिंगवाले 176 ते 189. खाली 191 व्या ओळीत बेरीज.

मी G2 वर डबल क्लिक केलं. होय, मीच केलं, पोरानं नाही. फॉर्म्युला 174 पर्यंत गेला आणि थांबला, कारण डबल क्लिक शेजारचा सलग भरलेला भाग बघून चालतं, पूर्ण रिकामी ओळ लागली की त्याच्या दृष्टीनं यादी संपली. जुन्या एक्सेलमध्ये तर शेजारच्या कॉलममध्ये नुसता एक सेल मोकळा असला तरी ते तिथंच थांबायचं, 2010 पासून ते बाकीचे कॉलमपण बघतं म्हणून एखाद्या मोकळ्या सेलवरून पुढं जातं, पण पूर्ण रिकाम्या ओळीवर आजही थांबतंच.

मग मी बेरीज तपासली. हे मी नेहमी करते, आणि तेव्हाही केलं. 191 मध्ये फॉर्म्युला होता

```
=SUM(G2:G189)
```

रेंज एकदम बरोबर, पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत. उत्तर 16,51,342. चूक रेंजमध्ये नव्हतीच, चूक G176 ते G189 मध्ये होती, ते सेल रिकामे होते. आणि SUM रिकाम्या सेलबद्दल काही बोलत नाही, लाल खूण नाही, हिरवा त्रिकोण नाही, काही नाही, रिकामं म्हणजे शून्य धरून पुढं जातं.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बँकेची यादी करताना C2 वर उभं राहून कंट्रोल-शिफ्ट दाबून डाऊन अॅरो मारला, नावं सिलेक्ट झाली, कॉपी केली, तसंच खाते नंबर, तसंच रक्कम. तो डाऊन अॅरोपण 175 च्या रिकाम्या ओळीच्या वरच, 174 वर थांबला. म्हणजे बँकेच्या यादीत 173 नावं. तिची बेरीज मारली, 16,51,342. मूळ शीटची बेरीज, 16,51,342. रुपया अन् रुपया जुळला. मी खूण केली, चेक लिहिला, मालकांची सही झाली. दोन ठिकाणचे आकडे जुळले म्हणून मी निर्धास्त झाले, पण दोन्ही आकडे एकाच रिकाम्या ओळीनं कापलेले होते, मग ते जुळणारच की. ज्या कारणानं पहिला आकडा चुकला त्याच कारणानं दुसरा चुकला असेल, तर ती जुळणी काही सांगत नाही.

मागच्या वर्षाशी तुलना केली असती तर कळलं असतं का, असं मला एकीनं विचारलं. नाही. बोनस मार्चला संपलेल्या वर्षाचा, म्हणून आदल्या दिवाळीला फेटलिंगची माणसं आमच्या बोनसमध्ये नव्हतीच, त्यामुळं आकडा साधारण तेवढाच येणं कुणालाच खटकलं नाही.

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास स्टोअरचे मामा वर ऑफिसात आले. दिवाळीला प्रत्येक माणसाला कुंद्याचा डबा द्यायची पद्धत, डबे गेटवरच्या हजेरीवरून मागवलेले. वाटताना खूण करायला त्यांना मी बँकेच्या यादीचीच एक प्रत दिली होती. मामा म्हणाले, "मॅडम, डबे 187 आल्यात. तुमच्या यादीत 173 च नावं हाईत. 14 डबे परत पाठवू काय?"

चेक आणि यादी टेबलावर लिफाफ्यात तयार होती, शिपाई सायकल काढायला खाली गेला होता. मी त्याला खिडकीतून हाक मारून थांबवलं आणि शीट उघडली. F कॉलम F2 पासून F189 पर्यंत सिलेक्ट केला, खाली पट्टीवर काउंट 187. मग G कॉलम तसाच सिलेक्ट केला. काउंट 173. बेरीज मी दहा वेळा बघितली होती, तिच्या बाजूलाच लिहिलेला हा काउंट एकदाही बघितला नव्हता. मग हळूहळू खाली गेले. 174, मग मोकळी ओळ, मग चौदा नावं, तिकीट नंबर आहेत, दिवस आहेत, वर्षाची रक्कम आहे आणि शेवटचा रकाना पांढराशुभ्र. त्यात खानापूर भागातून रोज येणारे एक मामा होते, F मध्ये 96,000, म्हणजे बोनस 7,997. त्या जागी काहीच नव्हतं.

चौदा जणांचा मिळून बोनस झाला 1,07,958. पहिला चेक रद्द करून नवीन करायला वेळ नव्हता, म्हणून तो चेक 173 जणांच्या यादीबरोबर शिपायाकडं बँकेत पाठवला, आणि या चौदा जणांची वेगळी यादी, वेगळा चेक केला. मालक मच्छेच्या युनिटला होते, सहीसाठी स्कूटरवरून मी स्वतः गेले, येऊन बँकेत पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. बँकवाल्या बाईंनी घेतलं, संध्याकाळपर्यंत पैसे पडले. मंगळवारी गेलं असतं तरी दिवाळीच्या आधी मिळालं असतं, हे खरं. पण शनिवारी 173 जणांच्या मोबाइलवर मेसेज येणार आणि त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या चौदा जणांना येणार नाही, तेपण नेमके जे ठेकेदाराकडून आत्ता कंपनीत आलेले, त्यांनी काय समजायचं? "आमाला धरलेच नाहीत" असंच समजणार की. त्याचं मला आजही वाईट वाटतं, झालं नाही तरी.

आता यावर माझा उपाय. कोणी म्हणेल हे जरा जास्तच, पण मी असंच करते आणि माझ्या हाताखालच्यांनापण असंच करायला लावते.

डबल क्लिक बंद. पहिली गोष्ट, शीटमध्ये मधली मोकळी ओळ ठेवायचीच नाही. विभाग वेगळा दाखवायचा असेल तर एक कॉलम घाला आणि त्यात विभागाचं नाव लिहा, "फेटलिंग" असं चौदा वेळा लिहिलं तर काही बिघडत नाही, उलट त्यावर फिल्टर लागतो. दिसायला बरं दिसावं म्हणून सोडलेली ओळ डबल क्लिक थांबवते, डाऊन अॅरो थांबवते, सॉर्ट केलं तर खालची माणसं सॉर्टमधून बाहेर राहतात, फिल्टर लावला तर फिल्टरच तेवढ्यापुरता लागतो. एवढं सगळं एका रिकाम्या ओळीमुळं. ओळ काढा, मग पुढचं बोला. आणि आधी काढा, फॉर्म्युला भरल्यावर नाही, कारण रिकाम्या ओळीतपण फॉर्म्युला गेला तर तिथं 0 येतो आणि मग काउंट 187 च्या जागी 188 दिसतो, आणि तुम्ही उलट्या दिशेला शोधत बसता.

ओळ काढली की यादी 188 व्या ओळीत संपते. मग डावीकडं वर जिथं सेलचा पत्ता दिसतो त्या चौकोनात मी स्वतः G2:G188 टाइप करते, एंटर मारते, तेवढी रेंज सिलेक्ट होते, आणि कंट्रोल-डी. फॉर्म्युला मी सांगितला तिथपर्यंतच जातो, एक्सेलच्या अंदाजावर काही सोडायचं नाही. यात शेवटची ओळ किती हे तुम्हाला आधी बघावं लागतं, आणि मला तेच पाहिजे असतं. घाईतल्या माणसाला हे दहा सेकंद फार वाटतात. बोनसची शीट वर्षातून एकदा होते, दहा सेकंद द्या की.

त्यानंतर बेरजेच्या खाली दोन ओळी मी नेहमी लिहिते. पहिली ही:

```
=SUMPRODUCT((F2:F500<>"")*(G2:G500=""))
```

हिचा अर्थ, रक्कम आहे पण बोनस रिकामा आहे अशा ओळी किती. उत्तर 0 पाहिजे. त्या दिवशी ही ओळ असती तर 14 दाखवली असती. रेंज 500 पर्यंत मुद्दाम लांब ठेवते, उद्या माणसं वाढली तरी चालावी म्हणून, पण मग ही ओळ आणि बेरीज डाटाच्या खाली ठेवता येत नाही, बाजूच्या मोकळ्या कॉलममध्ये, म्हणजे J किंवा K मध्ये ठेवावी लागते, नाहीतर फॉर्म्युला स्वतःलाच मोजायला जातो.

दुसरी ओळ वेगळ्या वाटेनं येणारी बेरीज. एकेकाचा बोनस काढून बेरीज एकीकडं, आणि सगळ्यांच्या रकमेची बेरीज करून तिचे एकदम 8.33 टक्के दुसरीकडं:

```
=SUM(F2:F500)*8.33%-SUM(G2:G500)
```

आमच्या शीटमध्ये F ची बेरीज 2,11,20,000 होती. त्याचे 8.33 टक्के 17,59,296. मी चेक लिहिला 16,51,342 चा. फरक 1,07,954. एवढा फरक दिसला असता तर मी चेकबुक उघडलंच नसतं. दुरुस्त केल्यावर बोनसची बेरीज 17,59,300 आली, फरक 4 रुपयांचा, आणि तो राहणारच, कारण प्रत्येक माणसाचा बोनस आपण पूर्ण रुपयात केलाय. एका माणसामागं जास्तीत जास्त 50 पैसे इकडं किंवा तिकडं, म्हणून 187 माणसांत फरक कधीच 94 रुपयांवर जाऊ शकत नाही, आणि प्लस मायनस होऊन तो बहुतेक वेळा पाच-दहा रुपयांतच असतो. शंभरच्या वर गेला तर थांबायचं आणि शोधायचं. ही तपासणी मला आवडते कारण ती F कॉलमवरून येते, G कुठं थांबलाय त्याच्याशी तिचा संबंध नाही.

एक मर्यादा सांगायलाच पाहिजे. पहिली ओळ फक्त रिकामे सेल पकडते. कुणी G मध्ये फॉर्म्युल्यावर हातानं आकडा टाइप करून ठेवला असेल, गेल्या वर्षीचा, तर सेल भरलेलाच दिसतो आणि उत्तर 0 येतं. दुसरी ओळ फरक दाखवते, पण कुठल्या माणसाचा ते सांगत नाही. त्यासाठी कंट्रोल आणि टिल्डचं बटण दाबायचं, सगळे फॉर्म्युले उघडे दिसतात, आणि जिथं मध्येच नुसता आकडा दिसेल तिथं बोट ठेवायचं. परत तेच बटण दाबलं की शीट पहिल्यासारखी.

माझी दुसरी आवडती, म्हणजे नावडती, चूक VLOOKUP मधली, आणि तीपण शेवटच्या ओळींनाच खाते. हजेरीपटाच्या शीटमधून भरलेले दिवस ओढायचे असतात, पोरं लिहितात असं:

```
=VLOOKUP(B2,Hajeri!A2:C188,3,0)
```

पहिल्या ओळीत बरोबर उत्तर येतं. मग खाली ओढलं की रेंजपण खाली सरकते. तिसऱ्या ओळीत A3:C189, चौथ्या ओळीत A4:C190, आणि 188 व्या ओळीत पोचेपर्यंत ती A188:C374 झालेली असते, म्हणजे हजेरीपटातला फक्त शेवटचा एक माणूस त्यात उरलेला. दोन्ही शीट एकाच क्रमानं असतील तर नशिबानं सगळी उत्तरं बरोबर येतात, आणि हे जास्त वाईट, कारण सवय लागते. क्रम जरा बदलला, हजेरीपट कुणी नावाप्रमाणं लावला, की खालच्या माणसांना #N/A यायला लागतं. वरची बरोबर, खाली जाईल तसं जास्त जास्त चुकतं, असं दिसलं की आधी डॉलर बघायचे. रेंज लिहिली की फॉर्म्युल्यातली ती पूर्ण रेंज सिलेक्ट करून F4 दाबा, $A$2:$C$188 होतं, मग ती हलत नाही.

यात #N/A येतं हे खरं तर चांगलं आहे, काहीतरी चुकलंय हे निदान दिसतंय. पण दिसायला वाईट दिसतं म्हणून पुढचा शहाणपणा होतो:

```
=IFERROR(VLOOKUP(B2,Hajeri!A2:C188,3,0),0)
```

झालं, #N/A गेलं, शून्य आलं. शून्य दिवस, शून्य रक्कम, शून्य बोनस, आणि शीट एकदम स्वच्छ. वर सांगितलेल्या माझ्या दोन्ही ओळीपण यात फसतात, कारण सेल रिकामा नाही आणि F मध्येच शून्य आहे. पगाराच्या शीटमध्ये IFERROR आणि पुढं शून्य हे मी करूच देत नाही. एका मुलीला मी हे काढायला लावलं तेव्हा ती रडवेली झाली, सात ठिकाणी #N/A दिसायला लागलं, म्हणाली शीट खराब झाली. शीट खराब झाली नव्हती, सात माणसं हजेरीपटात सापडत नव्हती, तीन तिकीट नंबरांच्या शेवटी स्पेस होती आणि चार नंबर टेक्स्ट म्हणून आले होते. दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. शून्यामागं लपवलं असतं तर सात जणांनी पगाराच्या दिवशी येऊन सांगितलं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते.

फिल्टर लावलेला असताना फॉर्म्युला ओढू नका, फक्त दिसणाऱ्या ओळींत भरतो, लपलेल्या कोऱ्याच राहतात.

G कॉलममध्ये खाली आधीच काही जुने आकडे असतील तर डबल क्लिक त्या सलग आकड्यांपुरतंच जातं, म्हणून आधी जुनं पुसा.

नवीन माणूस बेरजेच्या अगदी वरच्या ओळीत घातला की SUM त्याला धरतं की नाही ते दर वेळी बघा, कधी धरतं, कधी नाही.

आकडे बदलूनही उत्तर हलत नसेल तर फॉर्म्युल्स मेनूत जाऊन कॅल्क्युलेशन ऑटोमॅटिक आहे का बघा, कुणाची तरी मॅन्युअलवाली फाइल आधी उघडली असेल तर तुमचीपण मॅन्युअल होते.

आणि मुकादमाला किंवा स्टोअरला माणसं किती ते एकदा फोन करून विचारा. कम्प्युटरच्या बाहेरचा आकडा पाहिजे, डबे, हजेरी, गेटपास, काहीही चालेल. मी अजूनही चेक लिहायच्या आधी हे करते, आणि तो आकडा G च्या काउंटशी जुळवते, बेरजेशी नाही.

हे वाचून कुणीतरी नक्की विचारणार की मॅडम, एवढं कशाला, कंट्रोल-टी मारून टेबल करा, फॉर्म्युला आपोआप खाली जातो. बरोबर आहे, जातो, आणि नवीन शीट असेल तर मीपण आता टेबलच करते. एका सेलमध्ये लिहिलं की पूर्ण कॉलम भरतो, खाली नवीन माणसं चिकटवली की टेबल वाढतं आणि फॉर्म्युलापण त्यांच्यापर्यंत जातो. फक्त चिकटवायचं ते टेबलाच्या अगदी लगेच खालच्या ओळीत, आणि तेव्हा टेबलाची टोटलची ओळ बंद ठेवायची, चालू असेल तर तिच्या खाली चिकटवलेलं टेबलात जात नाही. टेबलाचा उजवीकडचा खालचा कोपरा बघा, तिथं एक बारीकशी खूण असते, टेबल कुठं संपतं ते दाखवणारी. ती खूण शेवटच्या माणसाच्या ओळीत आहे का, हे झूम वाढवून बघा. मध्ये एक ओळ मोकळी सोडून चिकटवलंत तर ती खूण वरच राहते आणि खालची चौदा माणसं टेबलाच्या बाहेर.